मुदत टळलेल्या कामाची चौकशी आणि नवी तारीख: सहकाऱ्याला मेसेज कसा लिहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरीतल्या एका व्यापारी कंपनीत मी अकाउंट्स बघते. महिन्याच्या १४ तारखेनंतर माझं निम्मं काम म्हणजे इतरांकडे अडकलेलं काम गोड बोलून काढून घेणं. हाताखालची मुलं, इतर विभागातल्या मैत्रिणी, ओळखीपाळखीचे लोक सतत विचारतात, "त्याला काय लिहू, सांग ना." त्यातले परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे मुद्दा दुसरीकडे आला आहे तिथे तसं लिहिलं आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, आमच्याकडे दर महिन्याला घडणारं. पुरवठादार आपली बिलं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवतात, १४ ला जीएसटी पोर्टलवर आमचं जीएसटीआर-२बी, म्हणजे त्या बिलांची यादी, तयार होतं. त्यातल्या बिलांचा कर वजा करून घ्यायचा तर माल खरोखर आपल्या ताब्यात आलेला असावा लागतो. माल कधी आला हे भिवंडीच्या गोदामात नोंदलेलं असतं. म्हणून मी बिलांची यादी गोदामातल्या सहकाऱ्याला पाठवते. त्याचं नाव इथे मंगेश धरू. त्याने प्रत्येक बिलासमोर माल आल्याची तारीख टाकून यादी १६ ला संध्याकाळी परत द्यायची. त्यावरून महिन्याचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत भरायचं असतं.

१. मुदत टळल्यावर मेसेज कधी करावा? लगेच केला तर उतावळेपणा वाटत नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी, समोरचा कामाला बसल्यावर. आमच्या उदाहरणात १७ ला साडेदहा-अकराला. १६ ला संध्याकाळी सव्वासहाला लिहिलं तर तो ठाण्याच्या बसमध्ये लटकलेला असतो. वाचतो, मनात "बघू उद्या" म्हणतो, आणि उद्या वर दुसरे तीस मेसेज आलेले असतात.

उतावळेपणाची भीती उलट्या बाजूने बघा. तुम्ही तीन दिवस गप्प बसलात की समोरच्याला वाटतं, घाई नाहीये. मग चौथ्या दिवशी तुम्ही कितीही नम्र लिहा, वाचणाऱ्याला ते अचानक चढलेल्या आवाजासारखं लागतं. पहिल्या सकाळचा मेसेज आपोआप सौम्य असतो, कारण तेव्हा तुम्हीही चिडलेले नसता.

अपवाद एकच: माणूस रजेवर किंवा अडचणीत आहे हे माहीत असेल तर. त्यासाठी प्रश्न १२ आणि १३ बघा.

२. मेसेजमध्ये नेमकं काय काय लिहायचं?

कोणतं काम, कधी यायचं होतं, आत्ता कुठवर आलंय, नवी तारीख कोणती, आणि तुम्हाला जास्तीत जास्त कधीपर्यंत चालेल. मी साधारण असं लिहिते:

> मंगेश, नमस्कार. गेल्या महिन्याच्या ४० बिलांची यादी तुला १४ ला पाठवली होती, माल आल्याच्या तारखा भरून ती १६ ला संध्याकाळी यायची होती. अजून माझ्यापर्यंत पोचलेली नाही. आत्तापर्यंत किती बिलं झालीत आणि उरलेली कधी होतील, तेवढं कळव. १८ ला दुपारी तीनपर्यंत सगळं हातात आलं तर रिटर्न वेळेत बसतं. त्याच्या आत तुला कोणती वेळ जमेल ते तूच सांग. कुठे अडलं असेल तर तेही लिही, मी फोन करते.

यातलं एकेक वाक्य बघा. "४० बिलांची यादी" असं लिहिल्यामुळे त्याला कोणत्या कामाबद्दल बोलणं चाललंय ते शोधावं लागत नाही. "ते काम" म्हटलं की तो आधी चॅट वर सरकवत बसतो, किंवा बसत नाही. "तू पाठवली नाहीस" याऐवजी "माझ्यापर्यंत पोचलेली नाही" लिहिण्यात नुसती सभ्यता नाही, शक्यताही आहे. यादी त्याने खरंच पाठवली असेल आणि ती जुन्या मेल आयडीवर गेली असेल, तर तुम्ही आरोप केलेला नसतो आणि माघारही घ्यावी लागत नाही.

"किती बिलं झालीत" हा प्रश्न आकडा मागतो. आकडा मागितला की माणूस रजिस्टर उघडतो, आणि रजिस्टर उघडलं की निम्मं काम तिथेच सुरू होतं. शेवटचं "फोन करते" हे वाक्य त्याच्यासाठी दार उघडं ठेवतं. काही अडचणी लिहिण्यापेक्षा बोलायला सोप्या असतात.

काय लिहायचं नाही, तेही सांगते. "मागच्या महिन्यातही असंच झालं होतं" हे या मेसेजात नको. ते खरं असेल तर समोरासमोर बोला, रिटर्न भरून झाल्यावर. आणि एका मेसेजात एकच काम. यादीबरोबर "आणि हो, ते ट्रान्सपोर्टचं बिलही बाकी आहे" असं जोडलंत की तो त्यातलं सोपं काम करून देतो, आणि यादी तिथेच राहते.

३. नुसतं "झालं का?" विचारलं तर काय बिघडतं? आमच्याकडे सगळे तसंच विचारतात.

बिघडत काही नाही, हाती काही लागतही नाही. "झालं का?"ला मुंबईच्या ऑफिसात ठरलेली उत्तरं आहेत: "होतंय", "चालू आहे", "आज देतो", "बघतो." चारही खरी असू शकतात आणि चारहीमधून तुम्हाला पुढचं नियोजन करता येत नाही. ४० पैकी ३८ झालेल्यालाही "होतंय" म्हणता येतं आणि यादी अजून न उघडलेल्यालाही.

म्हणून ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही"त देता येणार नाही असं विचारा. "किती झाली?" "कोणती राहिली?" "कोणाकडून यायची आहेत?" आमच्या उदाहरणात मंगेशचं उत्तर आलं ते असं: "२६ झाली. १४ च्या बिल्ट्या रात्रपाळीच्या माणसाकडे आहेत, तो उद्या येईल. १८ ला बारा वाजता देतो." दोन ओळींत मला कळलं की अडथळा मंगेश नाही, बिल्ट्या, म्हणजे ट्रकबरोबर येणाऱ्या मालाच्या पावत्या, आहेत. मग मी एवढंच लिहिलं: "चालेल. झालेली २६ आत्ताच पाठवून दे, मी सुरुवात करते. उरलेली १८ ला दुपारी बाराला."

झालेला भाग आधी मागून घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी भाग आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात. २६ बिलं आजच जुळवून झाली तर १८ ला माझ्याकडे तासाभराचंच काम उरतं. शिवाय "२६ झाली" हे खरं होतं का तेही लगेच कळतं, न विचारता.

४. नवी तारीख मी द्यायची की त्यालाच विचारायची?

तारीख त्याची, मर्यादा तुमची. "उद्या बारापर्यंत द्या" असं तुम्ही ठरवून टाकलंत तर तो "ओके" म्हणतो, आणि ते ओके म्हणजे मेसेज वाचल्याची पावती असते. स्वतः सांगितलेली वेळ मोडताना माणसाला जरा जड जातं.

पण नुसतं "कधी देशील?" विचारलं तर १९ ला रात्रीची वेळ येईल, आणि मग तुम्हालाच नाही म्हणावं लागेल. म्हणून मर्यादा आधी सांगा. ती उलटी मोजून काढायची. ३बी २० च्या आत हवं. १९ ला साहेब आकडे बघतात. शेवटच्या दिवशी पोर्टल रेंगाळतं, म्हणून २० हा दिवस मी मोजतच नाही. माझं जुळवणीचं काम अर्ध्या दिवसाचं. म्हणजे १८ ला दुपारी तीन.

तारखेबरोबर वेळही घ्या. "१८ ला" म्हणजे सकाळी दहापासून रात्री पावणेबारापर्यंत काहीही होतं. "सोमवारपर्यंत" तर आणखी वाईट, त्यात सोमवार धरायचा की नाही यावरून मी दोन विभागांत वाद झालेला बघितला आहे.

५. थोडी आधीची खोटी मुदत सांगितली तर? म्हणजे उशीर झाला तरी आपल्याला पुरेल.

मी सांगत नाही. एकदा कळलं की तुमच्या तारखेत दोन दिवसांची हवा असते, की पुढच्या प्रत्येक तारखेत समोरचा ते दोन दिवस स्वतःच मिळवतो. मुंबईतल्या लग्नपत्रिकेवरच्या वेळेसारखं होतं, छापलेली एक आणि धरायची दुसरी.

परिणामही फुगवून सांगू नका. "यादी आली नाही तर कंपनीला दंड बसेल" हे आमच्या बाबतीत खरं नाही. चार बिलं राहिली तर त्यांचा कर या महिन्यात वजा होत नाही, पुढच्या महिन्यात घेता येतो. पैसे महिनाभर अडकतात, एवढंच. दंड बसतो तो रिटर्नच उशिरा भरलं तर: विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, आणि न भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. म्हणून यादी पूर्ण आली नाही तरी मी रिटर्न अडवत नाही, आलेली बिलं घेऊन भरते. मंगेशला हे माहीत आहे. माझ्या "तीनपर्यंत"ला तो किंमत देतो, कारण ते तीन खरे असतात.

६. व्हॉट्सॲपवर लिहू की ईमेल करू?

काम जिथे दिलं होतं तिथेच आधी विचारा. यादी ईमेलने पाठवली असेल तर त्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे जोडलेली फाइल आणि ठरलेली तारीख खालीच दिसते, वेगळं सांगावं लागत नाही. विषयाच्या ओळीत "स्मरणपत्र" वगैरे न घालता काम आणि तारीख घाला: "४० बिलांच्या आवक तारखा, १८ ला दुपारी तीनपर्यंत हव्यात."

गोदामातली, साइटवरची, फिरतीवरची माणसं मेल संध्याकाळी एकदाच बघतात. त्यांना मेल करून व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "मंगेश, यादीबद्दल मेल केलाय, दुपारी बघून किती झाली तेवढं इथेच कळव." अख्खा मेल परत व्हॉट्सॲपवर चिकटवू नका.

व्हॉट्सॲपवर ठरलेली नवी तारीख मी एका ओळीने मेलवर घेते: "बोलल्याप्रमाणे उरलेली १४ बिलं १८ ला दुपारी बाराला." पुढे कोणाला दाखवण्यासाठी नाही. महिनाअखेरीला मलाच आठवत नाही म्हणून.

७. समोरचे वयाने किंवा हुद्द्याने मोठे आहेत. त्यांना तारीख कशी विचारणार?

तेच विचारायचं, फक्त चौकशीच्या आधी त्यांच्यासाठी काय सोपं करता येईल ते सुचवायचं. आमच्या खरेदी विभागातले साहेब निवृत्तीला आलेत, त्यांना मी असं लिहिते:

> सर, नमस्कार. दोन पुरवठादारांच्या बिलांतल्या फरकाबद्दल आपण १६ पर्यंत कळवणार होतात. आपल्याकडे या आठवड्यात बरंच काम आहे याची कल्पना आहे. सध्या ते कुठवर आलंय आणि साधारण कधीपर्यंत होईल, हे कळलं तर मी माझं पुढचं काम त्याप्रमाणे लावते. १८ ला दुपारपर्यंत मिळालं तर रिटर्नमध्ये घेता येईल. सोयीचं असेल तर मी कागद घेऊन दहा मिनिटं आपल्याकडे येते.

पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच लोकांकडे शेवटची ओळच काम करते. ते लिहून उत्तर देत नाहीत, "ये" म्हणतात. गेलात की तिथेच होऊन जातं.

"आपण"ने सुरुवात केली तर शेवटपर्यंत "आपण" ठेवा. मध्येच "तुम्ही" आणि शेवटी "प्लीज करून टाका ना" आलं की मेसेज तीन जणांनी मिळून लिहिल्यासारखा वाटतो. ज्यांना तुम्ही समोर "ताई" किंवा "दादा" म्हणता त्यांना मेसेजमध्ये अचानक "मॅडम" किंवा "सर" करू नका. कामावरून नातं तुटल्याचा वास येतो.

८. "जेंटल रिमाइंडर" असं लिहिलं तर चालेल का?

चालतं, पण त्यात ना काम कळतं ना तारीख. मी वापरत नाही. सौम्यपणा मथळ्यात जाहीर करण्यापेक्षा मजकुरात असला तर पुरतो. "कृपया त्वरित कार्यवाही करावी" तर सहकाऱ्याला मुळीच नको. ती भाषा सरकारी पत्राची, आणि ती वाचून मंगेशला पहिली शंका येईल ती म्हणजे साहेबांनी लिहायला लावलंय.

९. "आज देतो" म्हणाला आणि दिलं नाही. दुसरा मेसेज कसा लिहू?

पहिल्यापेक्षा लहान, आणि तो त्याच्याच शब्दांवर उभा असू दे. १८ ला बारा वाजता १४ बिलं यायची होती. साडेबारा झाले, आली नाहीत. मी मेसेज करण्याआधी फोन करते, कारण आता तीन वाजायला अडीच तासच आहेत. फोन उचलला नाही तर:

> मंगेश, १४ बिलं आत्ता बाराला यायची होती. त्यातली किती हातात आहेत? असतील तेवढी आहेत तशी पाठव, फोटो काढलास तरी चालेल. तीननंतर जी येतील ती पुढच्या महिन्यात घेईन.

शेवटचं वाक्य धमकी नाही. त्यात फक्त पुढे काय होणार ते सांगितलंय, आणि ते खरं आहे (प्रश्न ५). नम्र राहून ठाम कसं व्हायचं असं बरेच जण विचारतात. विशेषणं काढा, वेळ आणि परिणाम ठेवा. "पुन्हा एकदा", "कितीदा", "निदान" हे तीन शब्द दुसऱ्या मेसेजात हटकून येतात आणि तिन्ही टोचतात. लिहून झाल्यावर तेवढे शोधून काढून टाका.

एकाच कामाची दुसरी तारीखही मोडली तर तिसरी मागू नका. तेव्हा प्रश्न तारखेचा राहिलेला नसतो. काम त्याच्या आवाक्यात आहे का, कोणाची मदत लागेल का, हे बोलायचं, आणि ते फोनवर.

१०. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. किती वाट बघू?

त्याच कामाच्या दिवशी दुपारपर्यंत, म्हणजे सकाळी अकराला लिहिलं असेल तर तीन-साडेतीनला एक फोन. लोकलमध्ये, जिन्यात, ट्रकपाशी उभं राहून मेसेज वाचले जातात. वाचलं म्हणजे टाळलं असं नाही. "वाचलंत पण उत्तर नाही" असं मात्र कधीच लिहू नका. त्याचं उत्तर म्हणून समोरचा निळ्या टिक्स बंद करतो, काम नाही करत.

फोनही लागला नाही तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याला "मंगेश आज आलाय ना?" एवढंच विचारा. काम काय आहे ते त्याला सांगू नका.

११. ग्रुपवर विचारलं तर लवकर उत्तर येतं. मग ग्रुपवरच का नको? आणि साहेबांना सीसी?

दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्र घेते. ग्रुपवर उत्तर लवकर येतं कारण पंधरा जण बघत असतात. म्हणजे ते उत्तर त्या पंधरा जणांसाठी असतं. "लगेच करतो मॅडम" येतं, अंगठा येतो. अडचण काय आहे ते येत नाही, कारण "रात्रपाळीच्या माणसाने बिल्ट्या दिल्या नाहीत" हे तो रात्रपाळीचा माणूस असलेल्या ग्रुपवर कोण लिहील? ग्रुपवर फक्त सगळ्यांची मिळून असलेली तारीख टाका, एकट्याची चौकशी नको.

साहेबांना सीसी करायचं ते त्यांनी काही ठरवायची गरज असेल तेव्हा: मदतीला माणूस द्यायचा का, की अपुऱ्या आकड्यांवर रिटर्न भरायचं. तेही आधी मंगेशला सांगून. "साहेबांना १९ ला आकडे दाखवायचे आहेत, १४ बिलं राहिली तर तसं त्यांना कळवावं लागेल. त्याआधी तुझ्याकडून काही सांगायचं असेल तर सांग." निम्म्या वेळा या ओळीनंतर कळवायची वेळच येत नाही. न सांगता केलेला सीसी मात्र सहा महिने लक्षात ठेवला जातो, आणि पुढची यादी बरोबर १६ ला रात्री ११:५८ ला येते.

१२. मुसळधार पाऊस आहे, लोकल बंद आहेत, पण माझी मुदत तर उद्याचीच आहे. विचारू की नको?

विचारा, पण आधी माणसाचं. ऑगस्ट २०२५ आठवा. १५ ला शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, १६ ला दहीहंडी, १७ ला रविवार. १४ ला २बी आलं ते थेट सोमवारी, १८ ला उघडायला मिळालं, आणि १८-१९ ला मुंबईची दैना झाली. लोकल रखडल्या, १९ ला पालिकेने सुट्टी जाहीर केली, खासगी कार्यालयांना घरून काम करायला सांगितलं. ३बी ची मुदत २० होती.

अशा दिवशी नवी तारीख मागण्यात अर्थ नसतो. समोरच्याला स्वतःलाच माहीत नसतं की तो गोदामात कधी पोचेल. "पाणी ओसरलं की" यापेक्षा जास्त तो खरं काही सांगू शकत नाही. म्हणून तारीख न मागता पुढच्या बोलण्याची वेळ मागा:

> मंगेश, घरी नीट पोचलास ना? तिकडे पाणी कितपत आहे? यादीचं आज डोक्यात ठेवू नकोस. उद्या अकराला फोन करते, तेव्हा काय शक्य आहे बघून वेळ ठरवू. घरी बसून मोबाइलवर काही तारखा दिसत असतील तर तेवढ्या पाठव, नसतील तर राहू दे.

त्या वेळी शेवटी सरकारनेच नवी तारीख दिली. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघरसाठी जुलैच्या ३बी ची मुदत २७ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण ती अधिसूचना निघाली २० तारखेलाच. वाढ मिळेल या आशेवर १९ ला कुणाला "सावकाश दे" सांगू नका. मुदत वाढल्यावर मात्र लगेच कळवा. ती वाढ स्वतःकडे ठेवून समोरच्याला जुन्या तारखेवर पळवणं म्हणजे प्रश्न ५ मधला खोटेपणाच.

१३. तो गणपतीला गावी गेलाय. मेसेज करू का?

त्याला नको, त्याच्या जागी असलेल्याला करा. कोकणात गेलेल्या माणसाला बाप्पा घरात असताना बिलांच्या तारखा विचारणं शोभत नाही, आणि वाडीत रेंज मिळायला त्याला आधी सड्यावर जावं लागतं ते वेगळंच. २०२६ ची गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरची, म्हणजे २बी येतं तोच दिवस. पाच दिवसांचा गणपती १८ ला उठतो. परतीचा प्रवास धरला तर यादीचा सगळा काळ सुट्टीत जातो.

त्यामुळे खरा मेसेज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवा: "गावी कधी निघतोयस? यादी १४ ला येईल, तुझ्यामागे रजिस्टर कोण बघेल? त्याला एकदा माझ्याशी जोडून दे." हे राहून गेलं असेल तर गोदाम सांभाळणाऱ्याला नव्याने सगळं सांगा. "मंगेशने दिलं नाही" असं त्याला लिहू नका. "मंगेश रजेवर आहे, हे काम तुमच्याकडून हवंय, कधी जमेल?" एवढं पुरे.

अगदीच रजिस्टर कुठे ठेवलंय एवढं विचारायचं असेल तर मंगेशला एक ओळ, आणि तिच्यात "परत आल्यावर बघ" नको. ते वाचून त्याची सुट्टी तिथेच संपते.

१४. मुळात तारीख ठरलीच नव्हती. "लवकर दे" एवढंच म्हटलं होतं. आता "उशीर झाला" कसं म्हणू?

म्हणू नका, कारण झालेला नाही. आता पहिल्यांदा तारीख ठरवा: "मागच्या आठवड्यात यादीबद्दल बोललो होतो, तेव्हा तारीख ठरवायची राहिली. मला १८ ला दुपारी तीनपर्यंत लागेल. तुला कधी जमेल?" बाकी सगळं प्रश्न २ प्रमाणेच.

१५. उत्तर आलं: "तुमच्याकडूनच फाइल आलेली नाही." आता?

आधी स्वतःचा पाठवलेला मेल उघडून बघा, मग उत्तर द्या. फाइल खरंच जोडायची राहिली असेल तर ती पाठवा, आणि त्याच मेसेजात जुनी तारीख रद्द करा: "फाइल आत्ता पाठवली. १६ ची तारीख अर्थातच गेली. आत्तापासून किती वेळ लागेल?" गेलेली असेल तर "मी पाठवली होती" याचा स्क्रीनशॉट टाकू नका. तोच मेल परत फॉरवर्ड करा आणि लिहा, "कदाचित खाली गेली असेल, परत पाठवतेय." त्याला तारीख दिसते, तुम्हाला दाखवावी लागत नाही.

१६. आमच्या ऑफिसात मराठी, गुजराती, दाक्षिणात्य सगळे आहेत. मेसेज कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत तुम्ही त्याच्याशी चहा पिताना बोलता त्या भाषेत. रोज मराठीत बोलणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कडक इंग्रजीत मेल गेला की तो मेल त्याच्यासाठी नसून नोंदीसाठी आहे, असं तो समजतो. मेल इंग्रजीतच लिहायची पद्धत असेल तर मेल इंग्रजीत करा आणि सोबत मराठीत फोन करा. आकडे, तारीख आणि वेळ मात्र कोणत्याही भाषेत आकड्यांतच लिहा. "साडेतीन" आणि "साढ़े तीन" दोन्ही सगळ्यांना कळतात, पण "दीड" ऐकून दोन वाजता यादी पाठवणारे आमच्याकडे आहेत.